३४९ रुपयांचं चंदन तेल आणि बांधावरचं झाड

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकता ऐकता एसटीत झोप लागली, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना राहून गेलेले दोन-तीन मुद्दे इथे टाकलेत, आणि हिशेब नीट मांडलाय, कारण आकडे ऐकण्यापेक्षा वाचलेले बरे.

मी मूळचा भांडगावचा. पुणे-सोलापूर रस्त्याने यवत सोडलं की वरवंडच्या अलीकडे आमचं गाव लागतं. नोकरी पुण्यात, कोड लिहायची. शनिवार-रविवार गावी. आमच्या शेताच्या बांधावर बोर, बाभूळ आणि कडुनिंबाच्या गर्दीत एक चंदनाचं झाड होतं. कुणी लावलेलं नव्हतं. चंदनाची जांभळट-काळी फळं पक्षी खातात आणि बी भलतीकडे टाकतात, तसं ते आलेलं. अप्पा, म्हणजे माझे चुलते, सांगायचे की ते विशीतलं असेल.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी अप्पा मोटर चालू करायला गेले, तर झाड नव्हतं. नुसता खड्डा. बुंध्याचा मधला भाग आणि जाड मुळं नेलेली, फांद्या तिथेच टाकलेल्या. शेजारच्या बांधावर आणखी एक बारकं झाड होतं. ते कापलं नव्हतं, पण त्याच्या खोडाला गिरमिटाने पाडलेलं बोटभर भोक होतं. आत गाभा तयार झालाय का, ते बघून गेलेले. नाही म्हणून सोडलं.

त्याच महिन्यात मी आजीसाठी मोबाइलवरून चंदनाचं तेल मागवलं होतं. दहा मिली, ३४९ रुपये, वर ठळक अक्षरात ‘शंभर टक्के शुद्ध’. आजीने मनगटावर लावलं, वास घेतला आणि म्हणाली, “आरं, ह्यो साबणाचा वास हाय. चंदन नव्हं ह्ये.” मी वाद घातला, कारण रेटिंग साडेचार होतं.

आजी बरोबर होती. पण ते मला कळलं वासावरून नाही, हिशेबावरून. आजचा भाग त्या हिशेबाचा आहे.

आधी झाड समजून घेऊ

चंदनाचा वास झाडभर नसतो. पानाला नसतो, फुलाला नसतो, सालीला नसतो. खोड आडवं कापलं तर बाहेरचं पांढरट लाकूड दिसतं, त्यालाही वास नसतो. आत पिवळसर ते तपकिरी गाभा असतो. तेल असतं ते या गाभ्यात आणि मुळांत.

हा गाभा सावकाश तयार होतो. साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास तो धरायला लागतो, आणि तेव्हाही त्यात तेल थोडंच असतं, बहुतेक वेळा दोन टक्क्यांच्याही आत. वय वाढेल तसा गाभा जाड होतो आणि तेलही वाढतं. तिशी ओलांडलेल्या चांगल्या झाडाच्या गाभ्यात ते तीन ते साडेपाच टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे शंभर किलो गाभा घेतला तर तीन ते साडेपाच किलो तेल.

दुसरी गोष्ट, मुळांत तेल भरपूर असल्यामुळे चंदन कापत नाहीत, मुळासकट उपटतात. मोगऱ्याची फुलं तोडली तर उद्या पुन्हा येतात. चंदनाचं तेल काढायचं म्हणजे ते झाड संपलं. त्या जागी पुढचं तेल मिळायला पुन्हा वीस-तीस वर्षं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. चंदन अर्धं परजीवी आहे. पानं हिरवी आहेत, अन्न स्वतः करतं, पण पाणी आणि क्षार मिळवायला त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटतात आणि तिथून ओढून घेतात. म्हणून चंदन लावणारे शेतकरी सोबत आधी तूर लावतात आणि पुढे कडुनिंब, करंज, सुरू असं टिकाऊ झाड. एकटं लावलेलं चंदन पिवळं पडून खुरटतं. आमच्या बांधावरचं झाड वाढलं ते शेजारच्या बाभळी-कडुनिंबाच्या जिवावर.

यात भर रोगाची. स्पाइक नावाच्या रोगात पानं बारीक होत होत काट्यासारखी ताठ उभी राहतात आणि काही वर्षांत झाड मरतं. दक्षिणेतली चंदनाची जंगलं या रोगाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पोखरली आहेत.

आणि कायद्याचीही एक गंमत आहे. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये म्हैसूर राज्यात चंदनाला राजवृक्ष ठरवलं. तेव्हापासून तिथे झाड तुमच्या रानात असलं तरी मालकी सरकारची. कर्नाटकात हे २००१ मध्ये बदललं, तमिळनाडूत २००२ मध्ये. इतका काळ शेतकऱ्याला चंदन म्हणजे फायदा नाही, नुसती जोखीम. मग ते राखणार कोण? जंगलातलं तुटत गेलं, रानातलं लावलं गेलं नाही. आज शेतकरी उत्साहाने लावतायत, पण लावलेलं चंदन पिकायला वेळ लागतो आणि मागणी आजची आहे. या मधल्या फटीत चोर बसलाय.

आता हिशेब

चंदनाच्या लाकडाचा दर प्रतीनुसार खूप बदलतो. केरळमध्ये मरयूरला वनखात्याचं चंदनाचं जंगल आहे, तिथल्या लाकडाचा लिलाव होतो. चांगला गाभा किलोला हजारो रुपयांना जातो. आपण हिशेबापुरता दर ८००० रुपये किलो धरू. तेल पाच टक्के धरू, म्हणजे विक्रेत्याला सूट दिल्यासारखंच.

एक किलो गाभ्यातून ५० ग्रॅम तेल. ८००० भागिले ५०, म्हणजे ग्रॅममागे १६० रुपये. हा नुसता लाकडाचा खर्च. चंदनाचं तेल वाफेवर काढतात आणि ते लवकर सुटत नाही. दोन-तीन दिवस वाफ चालू ठेवावी लागते. ते इंधन, मजुरी, बाटली, कर, विक्रेत्याचा नफा, काहीच धरलेलं नाही.

दहा मिली तेलाचं वजन साधारण ९.७ ग्रॅम. म्हणजे माझ्या बाटलीत खरं तेल असतं तर नुसतं लाकूडच १५५० रुपयांच्या आसपास लागलं असतं. मी दिले ३४९. विक्रेत्याने एक पैसाही न कमावता सगळे पैसे लाकडावर घातले असते, तरी दहा मिलीत जेमतेम सव्वादोन मिली तेल आलं असतं.

हाच हिशेब साबणाला लावा. शंभर ग्रॅमची वडी ४० रुपयांना असेल तर तिची सगळी किंमत पाव ग्रॅम तेलात संपते. म्हणजे स्वस्त ‘चंदन’ साबणात खरं तेल असलंच तर थेंबभर. बाकीचा वास दुसरीकडून येतो.

कुठून येतो? बहुतेक वेळा पाइनच्या झाडापासून. पाइनच्या डिंकातून टर्पेंटाइन निघतं, आणि त्यातल्या घटकावर रासायनिक प्रक्रिया करून चंदनासारखा वास देणारे रेणू बनवतात. सॅन्डलोर, जॅव्हनॉल, पॉलिसॅन्टॉल ही त्यांची बाजारातली नावं. अत्तरांच्या जगात हे रेणू उजळ माथ्याने वापरतात. शिवाय आता सूक्ष्मजीवांकडून आंबवण्याच्या प्रक्रियेने खऱ्या चंदनातलाच सॅन्टॅलॉल बनवून घेतात. त्यासाठी झाड लागत नाही.

इथे माझं मत बदललं. मला वाटायचं नैसर्गिक म्हणजे चांगलं आणि कृत्रिम म्हणजे फसवणूक. पण विचार करा. माझी ३४९ची बाटली बनावट होती, तर नुकसान माझ्या खिशाचं झालं. तीच बाटली त्याच दरात खरी असती, तर? इतकं स्वस्त खरं चंदन एकाच प्रकारे मिळू शकतं, लाकडाचे पैसे कुणाला न देता. म्हणजे कुणाच्या तरी बांधावर खड्डा. बनावट निघाल्याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, बरं झालं.

म्हणून ‘खरं का खोटं’ हा अर्धाच प्रश्न आहे. खरं असेल तर ‘कुणाचं’, हा उरलेला अर्धा.

नावांचा गोंधळ

पालखी आमच्या रस्त्याने जाते तेव्हा वारकऱ्यांच्या कपाळी गोपीचंदन असतं. नावात चंदन आहे, पण ती माती आहे. रक्तचंदन हे तर वेगळंच झाड. ते आंध्रच्या डोंगरांतलं, लाकूड गडद लाल आणि चंदनाचा वास अजिबात नाही. त्याचीही तस्करी जोरात चालते. सिनेमामुळे ते सगळ्यांना माहीत झालंय.

पाकिटावर किंवा ॲपवर घटकांची यादी उघडा. भारतीय श्वेतचंदन असेल तर `Santalum album` असं लिहिलेलं असतं. `Santalum spicatum` असेल तर ते ऑस्ट्रेलियन चंदन. तेही खरंच चंदन, पण दुसरी जात, वास थोडा कोरडा, आणि दर सहसा कमी. `Amyris balsamifera` असेल तर ते चंदनाच्या कुळातलंही नाही, जरी ‘वेस्ट इंडियन चंदन’ म्हणून विकत असले तरी. आणि नुसतं `Parfum` किंवा `Fragrance` लिहिलं असेल तर तो वास बहुधा कृत्रिम मिश्रणाचा. कंपनीने ते नीट लिहिलं असेल तर त्यात खोटं काही नाही. खोटं तेव्हा, जेव्हा पुढे झाडाचं चित्र आणि ‘शुद्ध’ असतं आणि मागे बारीक अक्षरात `Fragrance`.

घरी काय कळतं, काय नाही

खोडाचं बऱ्यापैकी कळतं. आजीची रीत सांगतो. सहाणेवर पाण्याचे चार थेंब आणि खोड गोल गोल उगाळायचं. खऱ्या गाभ्याचं गंध गुळगुळीत, लोण्यासारखं उतरतं, रंग फिकट पिवळसर. वास सुरुवातीला हलका असतो आणि उगाळत जाल तसा उमलतो. बाजारात दुसरंच पांढरं लाकूड वासाच्या तेलात बुडवून चंदन म्हणून विकतात. ते हातात घेतल्या घेतल्या घमघमतं. पण वास वरच्या थरातच असतो. म्हणून खोडाचं एक टोक करवतीने नखभर कापा आणि ताज्या कापलेल्या भागावर उगाळा. तिथे वास नसेल, तर नाही. दुकानदार कापू देत नसेल तर घेऊ नका.

यात एक पळवाट आहे. खऱ्या चंदनाचंच पण बाहेरचं पांढरं लाकूडही असं बुडवून विकतात. तेव्हा झाड चंदनाचं हे कळून उपयोग नाही, गाभा आहे का ते बघायचं.

तेलाचं घरी फारसं कळत नाही. यूट्यूबवर पाण्यात थेंब टाका, कागदावर टाका, असे दहा प्रयोग आहेत. त्यांतले दोनच थोडे कामाचे, आणि तेही फक्त भेसळीचा एक प्रकार पकडतात. पहिला, बाटली फ्रिजमध्ये ठेवा. चंदनाचं तेल घट्टसर होतं पण गोठत नाही. पांढरं गोठलं तर त्यात खोबरेल आहे. दुसरा, पांढऱ्या कागदावर एक थेंब तुमच्या तेलाचा आणि शेजारी एक खोबरेलचा टाकून आठवडाभर ठेवा. खोबरेलचा तेलकट डाग तसाच राहतो. चंदनाचा हळूहळू विरत जातो. दोन्ही डाग सारखेच तेलकट राहिले तर कुठलं तरी खायचं तेल मिसळलंय.

पण कृत्रिम रेणू या दोन्ही परीक्षा आरामात पास होतात. आणि नाकावर भरवसा? खरं चंदन मऊ, दुधाळ आणि सावकाश असतं, हे खरं. पण आजीने साठ वर्षं रोज गंध उगाळलंय, आपण नाही. आपण लहानपणापासून साबणाचा वास ‘चंदन’ म्हणून शिकलोय. खरं तेल हुंगलं तर आपल्यालाच तेच नकली वाटेल.

रिपोर्ट कसा वाचायचा

तेलाची खरी परीक्षा गॅस क्रोमॅटोग्राफीची. त्यात तेलाची वाफ करून एका लांब, बारीक नळीतून सोडतात. वेगवेगळे घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि यंत्र प्रत्येकाचं प्रमाण लिहितं. आमच्या भाषेत सांगायचं तर तेलाची लॉग फाइल. चांगले विक्रेते बॅचनुसार हा रिपोर्ट देतात. त्यात दोन ओळी शोधा. भारतीय चंदनासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अल्फा-सॅन्टॅलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सॅन्टॅलॉल १६ ते २४ टक्के हवं.

समजा तुमच्याकडे दोन रिपोर्ट आहेत. पहिल्यात अल्फा ४८, बीटा २०. हे मानकात बसतं. दुसऱ्यात अल्फा २२, बीटा ९. हे भारतीय चंदनाचं शुद्ध तेल नाही, एवढं नक्की. पण मग काय आहे, ते उरलेल्या ओळी सांगतात. फार्नेसॉल आणि बिसाबोलॉल हे घटक ठळक दिसत असतील तर ते ऑस्ट्रेलियन चंदन असू शकतं. ते तसं सांगून, त्या दराने विकत असतील तर ठीक. आणि एखादा अनोळखी घटक एकटाच तीस-चाळीस टक्के असेल, तर तिथे कृत्रिम रेणू किंवा पातळ करायचं द्रावण घातलंय.

या रिपोर्टची एक आंधळी जागा आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. खोबरेल किंवा दुसरं खायचं तेल या नळीतून नेहमीच्या चाचणीत बाहेरच पडत नाही. म्हणून अर्धं खोबरेल मिसळलं तरी उरलेल्या अर्ध्याचे टक्के छान दिसतात. ते पकडायला रिपोर्टमध्ये घनता आणि अपवर्तनांक हे आकडे असतात. घनता ०.९६८ ते ०.९८३ मध्ये हवी. खायची तेलं त्याखाली, साधारण ०.९२ असतात. आणि घरी फ्रिज आणि कागद आहेतच. म्हणजे यंत्राला जे दिसत नाही ते नेमकं फ्रिजला दिसतं.

रिपोर्टवरचा बॅच नंबर आणि बाटलीवरचा बॅच नंबर जुळतोय का, हे आधी बघा. एकच छान रिपोर्ट पाच वर्षं सगळ्या बाटल्यांना चिकटवणारे आहेत.

मग घ्यायचं कुठून आणि कसं

रिपोर्ट तेल खरं आहे एवढंच सांगतो. ते चोरीचं नाही हे कागदपत्र सांगतात. महाराष्ट्रात १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत चंदन आहे. स्वतःच्या रानातलं झाड तोडायलाही परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. म्हणून एखादा शेतकरी किंवा ओळखीचा माणूस थेट लाकूड देतो म्हणाला, तर सातबाऱ्यावर झाडांची नोंद, तोडीची परवानगी आणि वाहतूक परवाना मागा. ज्याने पंधरा-वीस वर्षं राखण केलीय तो हे कागद अभिमानाने दाखवतो. “घरचंच आहे, कशाला कागद” म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, मग तो कितीही जवळचा असो.

बाटलीबंद घ्यायचं तर सोपा रस्ता सरकारी. म्हैसूरला १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धामुळे लाकडाची निर्यात अडली तेव्हा, संस्थानाने स्वतःचा तेलाचा कारखाना काढला. त्याच परंपरेतली कर्नाटक सरकारची साबण कंपनी आजही तेल विकते. कर्नाटकच्या कावेरी एम्पोरियममध्ये खोड आणि वस्तू मिळतात. महाग वाटेल. पण वरचा हिशेब आठवा, खरा दर तोच आहे. ऑनलाइन घेत असाल तर चॅटवर तीनच प्रश्न विचारा: जात कोणती, लाकूड कुठलं, या बॅचचा रिपोर्ट आहे का. उत्तरादाखल डिस्काउंट कूपन आलं तर काय ते समजा.

आणि त्याही आधी स्वतःला विचारा, मला खरं हवंय का? साबण, अगरबत्ती, रूम फ्रेशनर, रोजचा डिओ, यांना प्रामाणिक लेबल असलेलं कृत्रिम पुरतं. त्यासाठी तीस वर्षांचं झाड उपटायचं कारण नाही. देवाला गंध हवं असेल तर एक छोटं खोड घ्या. उगाळताना ते इतकं हळू झिजतं की वर्षानुवर्षं पुरतं. आजीचं खोड तिच्या सासूचं आहे. आता ते अंगठ्याएवढं उरलंय.

मी तेल परत केलं. पैसे आले. आजीला नवीन काही आणलं नाही, तिनेच नको म्हटलं.

गिरमिटाचं भोक पडलेलं ते बारकं झाड अजून उभं आहे. भोक बऱ्यापैकी भरून आलंय. अप्पांनी आता सातबाऱ्यावर त्याची नोंद करून घेतली आणि त्याच्या बुडाशी तूर लावली. गाभा धरायला त्याला अजून काही वर्षं लागतील. तोवर अप्पा रात्री एक चक्कर मारतात, बॅटरी घेऊन.

तुमच्या घरी सहाण-खोड असेल तर या आठवड्यात एकदा उगाळून बघा, आणि घरातल्या मोठ्यांना विचारा की ते कुठून आणलेलं. उत्तरं व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू!